कॅरम स्पर्धा : बक्षिसाचे पैसे कितव्या नंबरापर्यंत आणि कसे वाटायचे?

साखरपेठी

नमस्कार मंडळी. आमचं मंडळ दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेनंतर खुल्या एकेरी कॅरम स्पर्धा घेतं. एक दिवस, सहा बोर्ड, बाद पद्धत. गेल्या वर्षी पत्रकावर बक्षिसं अशी होती : पहिलं ५,००१, दुसरं ३,००१, तिसरं २,००१, चौथं १,००१. पहिल्याचे ५,००१ एक दाते वडिलांच्या स्मरणार्थ देतात, ते पक्के असतात. बाकीची तीन एन्ट्री फीमधून निघतील असा अंदाज होता.

फी २०० आणि एन्ट्र्या ४७, म्हणजे ९,४०० जमले. खर्च झाला ७,१०० : हॉल १,५००, पाच पंचांना ४०० प्रमाणे २,०००, सोंगट्यांचे नवे संच आणि पावडर १,१००, ट्रॉफ्या १,८००, चहा-नाश्ता ७००. हातात उरले २,३०० आणि वाटायचे होते ६,००३. वरचे ३,७०३ मंडळाच्या गणपतीच्या शिलकीतून घातले. कमिटीत त्यावरून बोलणी खावी लागली ती वेगळीच.

एवढं करूनही खेळाडू खूश नव्हते. शेवटच्या आठात येऊन हरलेल्या चौघांच्या हाती नुसतं पदक. तिसऱ्या नंबराची मॅच रात्री अकराला लागली, दोघंही कंटाळलेले. "पहिल्यालाच सगळं देता, मग आम्ही कशाला येतो?" हे तोंडावर ऐकायला मिळालं.

यंदा एका कापड दुकानदारांनी ३,००० कबूल केलेत, त्यांची काही अट नाही. एन्ट्र्या ५० ते ६० येतील असं वाटतंय. वाटणी कशी करावी म्हणजे कमीत कमी लोकांना खटकेल? अनुभव असलेल्यांनी सांगा.

स्ट्रायकर४५

सरळ ५०-३०-२० करून टाक. पहिल्याला निम्मे, दुसऱ्याला तीस टक्के, तिसऱ्याला वीस. सगळीकडे हेच चालतं, हिशेब सोपा, पत्रकावर तीन आकडे. आठव्याला पैसे वाटत बसलास तर पहिलं बक्षीस बारीक होतं आणि मग कलबुर्गी, विजापूरकडचे चांगले प्लेअर येत नाहीत. चांगले प्लेअर नाही आले तर बघायला माणूस नाही. मोठा आकडा बघूनच लोक नाव देतात, हे मी वीस वर्षं बघतोय.

जुनापंच

साखरपेठी, आधी एक करा. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या जातीचे पैसे आहेत, त्यांची एकच बेरीज करू नका. स्मरणार्थ आलेले ५,००१ बांधलेले आहेत, त्यातला रुपया दुसऱ्या नंबराकडे वळवता येत नाही. दुकानदारांचे ३,००० मोकळे आहेत. आणि फी किती येईल ते ड्रॉ बंद होईपर्यंत कुणालाच माहीत नसतं. गेल्या वर्षीचा घोटाळा असा की येणारे पैसे अनिश्चित आणि पत्रकावरचे आकडे मात्र पक्के. एन्ट्र्या कमी आल्या की फटका थेट मंडळाला.

म्हणून मोकळे ३,००० खर्चाला लावा. समजा यंदा एक पंच वाढवला, थोडी महागाई धरली, तर खर्च ७,६०० होईल. त्यातले ३,००० गेले, ४,६०० फीमधून काढा. मग फीचं जे उरेल ते सगळंच्या सगळं खेळाडूंचं, आणि ते टक्क्यांनी वाटायचं. पत्रकावर पहिल्याचा आकडा छापा, खाली टक्के छापा.

आता टक्के किती, ते सांगतो. बाद पद्धतीत उपांत्य फेरीत दोघं हरतात, उपउपांत्य फेरीत चौघं. प्रत्येक पायरीला बक्षीस साधारण निम्मं करत गेलात तर उपविजेत्याचे एकट्याचे पैसे, उपांत्यच्या दोघांचे मिळून आणि शेवटच्या आठातल्या चौघांचे मिळून, तिन्ही ढीग जवळपास सारखे होतात. म्हणजे तुमच्या उरलेल्या फीचे तीन भाग. मी ३६, ३६ आणि २८ असे करीन. उपविजेत्याला ३६ टक्के, उपांत्यमध्ये हरलेल्यांना प्रत्येकी १८, शेवटच्या आठातल्यांना प्रत्येकी ७.

५६ एन्ट्र्या आल्या तर ११,२०० जमले. ४,६०० वजा केले की ६,६०० उरले. टक्क्याने २,३७६, १,१८८ आणि ४६२ येतात. पाकिटात घालायला सोपं म्हणून २,४००, १,२०० आणि ४५० करा, बेरीज बरोबर ६,६०० होते. वर पहिल्याचे ५,००१ आहेतच.

स्ट्रायकर४५ म्हणतात ते ५०-३०-२० साखळीत ठीक आहे, कारण तिथे तिसरा आपोआप ठरतो. बाद पद्धतीत तिसरा ठरवायला एक मॅच जास्तीची खेळवावी लागते, तीही दोन हरलेल्या माणसांची.

विजापूरवेस

अण्णा, लई भारी समजावलं. पण टक्के छापलेलं पत्रक कोण वाचलालंय बे? आमच्याकडं चौकात बोर्ड लावला की लोक आधी आकडा बघतात, मग फी बघतात आणि जातात. "३६ टक्के" म्हणल्यावर म्हणतील, ह्ये काय पतसंस्था हाय काय?

स्ट्रायकर४५

तेच म्हणतोय मी.

जुनापंच

मुद्दा बरोबर आहे. टक्के बारीक अक्षरात टाका आणि त्याखाली एक ओळ : "गेल्या वर्षीइतक्या ४७ एन्ट्र्या आल्यास उपविजेत्यास सुमारे १,७००, उपांत्यला प्रत्येकी सुमारे ८५०, शेवटच्या आठात प्रत्येकी सुमारे ३३०." त्यामुळे आकडाही दिसतो आणि तो एन्ट्रीवर अवलंबून आहे हेही कळतं. खेळाडू स्वतःच चार मित्रांना घेऊन येतात मग, कारण एन्ट्री वाढली की सगळ्यांचंच बक्षीस वाढतं.

हिशेबतपासनीस

जुनापंच यांच्या मांडणीत एक गोष्ट उघड बोलायला हवी. ३,००० खर्चाला लावले काय किंवा बक्षिसाला लावले काय, एकूण रक्कम तीच राहते. बदलतं ते एवढंच की एन्ट्र्या कमी आल्या तर झळ कुणाला.

३,००० खर्चाला लावून बक्षिसं टक्क्याने ठेवली तर झळ खेळाडूंना. याउलट ३,००० पक्क्या बक्षिसात टाकले, समजा उपविजेत्याला १,५०० आणि उपांत्यच्या दोघांना ७५० प्रमाणे, तर ७,६०० चा अख्खा खर्च फीमधून निघायला हवा. त्याला बरोबर ३८ एन्ट्र्या लागतात. त्याखाली आलात तर प्रत्येक न आलेल्या खेळाडूमागे मंडळ २०० ने खड्ड्यात.

दोन्ही चालतं, पण कमिटीने आधी ठरवावं की धोका कुणी घ्यायचा. नंतर ठरवलं की भांडण होतं. माझं मत विचाराल तर ज्या मंडळाची शिलक गणपतीच्या वर्गणीची आहे, त्याने तो धोका घेऊ नये. वर्गणी देणाऱ्याने कॅरमसाठी दिलेली नसते.

साखरपेठी

हे नेमकं आमच्या खजिनदारांचं वाक्य आहे. मी तर पहिल्याच मांडणीकडे झुकतोय. पण एन्ट्र्या फारच कमी आल्या तर ७ टक्क्यांत चहाचेही पैसे निघणार नाहीत, त्याचं काय?

जुनापंच

त्याची मर्यादा काढता येते. शेवटच्या आठात आलेल्याला निदान त्याची फी तरी परत मिळाली पाहिजे, हा माझा नियम. त्याने दोन-तीन मॅच जिंकलेल्या असतात, घरी जाताना खिशातले गेले असं वाटायला नको. ७ टक्के म्हणजे किमान २०० हवे असतील तर उरलेली फी साधारण २,८६० हवी. ३८ एन्ट्र्यांना ७,६०० जमतात, ४,६०० वजा केले की ३,००० राहतात आणि ७ टक्के म्हणजे २१० येतात. ३७ ला १९६ येतात. म्हणजे ३८ ही तुमची रेघ.

३८ च्या खाली गेलात तर टक्के सोडा. चौघांना फी परत द्या, ८०० गेले. उरलेल्यातले निम्मे उपविजेत्याला आणि निम्मे उपांत्यच्या दोघांत. ३७ ला ते १,००० आणि प्रत्येकी ५०० होतात. अगदी ३२ ला सुद्धा ५०० आणि प्रत्येकी २५० निघतात. फार नाही, पण कुणी रिकाम्या हाताने जात नाही. ही ओळ नियमावलीत आधीच लिहून ठेवा.

पटावरचाउंट

मी बुद्धिबळाच्या स्पर्धांत पंच असतो. यात खरं तर हॉर्ट पद्धत वापरायला हवी. आमच्याकडे दोघांचे गुण सारखे झाले की बक्षिसाचा अर्धा भाग टायब्रेकच्या क्रमाने देतात आणि अर्धा भाग एकत्र करून सारखा वाटतात. दुसरं बक्षीस २,००० आणि तिसरं १,०००, दोघं बरोबरीत असतील तर एकाला १,७५० आणि दुसऱ्याला १,२५० मिळतात. क्रमाचाही मान राहतो आणि बरोबरीचाही. तुमच्या उपांत्यच्या दोघांना हेच लावा, तिसऱ्या नंबराची मॅच नको.

जुनापंच

पद्धत चांगली आहे, पण इथे बसत नाही. हॉर्टला टायब्रेक लागतो. तुमच्याकडे स्विस पद्धतीत प्रतिस्पर्ध्यांचे गुण मोजून तो निघतो. कॅरमच्या बाद फेरीत उपांत्यला हरलेल्या दोघांची तुलना कशाने करणार? एक जण पुढे विजेता झालेल्याकडून हरला आणि दुसरा उपविजेत्याकडून, एवढ्यावरून पहिल्याला वरचा धरणं म्हणजे ड्रॉच्या चिठ्ठीला बक्षीस देणं. गुणफरकाने म्हणाल तर एकाने पहिल्या फेरीत नवख्याला २५-० ने धुतलेलं असतं. इथे सारखी वाटणीच बरी.

हां, साखळी गट करून मग बाद फेरी असेल आणि गटात बरोबरी झाली, तर हॉर्ट कामाला येईल.

पटावरचाउंट

साखळी गृहीत धरली होती मी. बाद पद्धतीला टायब्रेक नाही हे मान्य. पण मग पुढे चाल मिळालेल्यांचं काय? ५६ एन्ट्र्या ६४ च्या ड्रॉमध्ये बसवल्या की आठ जणांना पहिली फेरी न खेळताच पुढे चाल. ते दोन मॅच जिंकून शेवटच्या आठात, बाकीचे तीन जिंकून. बक्षीस तेवढंच. हे न्याय्य कसं?

जुनापंच

नाहीच आहे. मानांकितांना पुढे चाल द्यायची की चिठ्ठ्या टाकायच्या, एवढंच हातात असतं. मी चिठ्ठ्या टाकतो, सगळ्यांसमोर. पैशाने ते भरून काढायला गेलात तर आणखी गुंता होतो.

चौकार_षटकार

माझा प्रश्न पण असाच आहे. आम्ही टेनिस बॉलच्या स्पर्धेत उपविजेते झालो, ११,००० मिळाले. कॅप्टनने आधी फीचे दीड हजार काढून घेतले, मग बॉल आणि टी-शर्टचे काढले, मग स्वतःसाठी "मालिकावीर मीच होतो" म्हणून वेगळे. आम्हाला प्रत्येकी ३०० आले. हे बरोबर आहे का? किती टक्के कॅप्टनचे असतात?

हिशेबतपासनीस

भाऊ, इथे संघातली वाटणी नाही, आयोजकाने नंबरांमध्ये वाटायचे पैसे चाललेत. तरी सांगतो. फी ज्याने भरली त्याला ती आधी परत, एवढं रास्तच आहे. मालिकावीराचं बक्षीस आयोजकाने वेगळं दिलं असेल तर ते त्याचं. दिलं नसेल तर संघाच्या पैशातून ते कापायचा हक्क कुणालाच नाही. पुढच्या वेळी फी भरण्याआधी बोलून घ्या.

चौकार_षटकार

वेगळं दिलं नव्हतं. बरं, नवा धागा काढतो.

बार्शीवाला

मी गेल्या वर्षी या स्पर्धेला आलो होतो बहुतेक, साखर पेठेतच होती. सकाळची एसटी धरली, नऊला नाव दिलं, साडेअकराला खेळलो, सव्वाबाराला बाहेर. फी २००, जाण्यायेण्याचे वेगळे, जेवण वेगळं. हरलो त्याचं दुःख नाही, समोरचा चांगला खेळला. पण एवढ्या लांबून येऊन एकच मॅच. तुम्ही शेवटच्या आठाचा विचार करताय, निम्मे लोक पहिल्याच फेरीत घरी जातात त्यांचा कोण करणार? त्यांच्याच फीवर वरच्यांची बक्षिसं चालतात.

मला पैसे नकोत. दुसरी मॅच द्या.

साखरपेठी

दादा, तुमचं म्हणणं पटतंय. पहिल्या फेरीत हरलेल्यांची वेगळी "प्लेट" ठेवायची का? वेळेचं गणित बसेल?

जुनापंच

बसवता येईल, पण जपून. ५६ जणांच्या बाद स्पर्धेत एकूण ५५ मॅच होतात. तीन गेमच्या मॅचला सरासरी पाऊण तास धरा. सहा बोर्ड पूर्ण वेळ चालले तरी सात तास लागतात आणि शेवटच्या फेऱ्यांत बोर्ड रिकामे राहतात, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच. पहिल्या फेरीत २४ जण हरतील. त्यांची प्लेट म्हणजे आणखी २३ मॅच. तीन-तीन गेमच्या घेतल्या तर आणखी तीन तास, म्हणजे मध्यरात्र.

म्हणून प्लेट एकाच गेमची ठेवा, २५ गुण किंवा आठ बोर्ड, जे आधी होईल ते. वीस-पंचवीस मिनिटांत आटपतं. आणि शेवटच्या फेऱ्यांत जे बोर्ड मोकळे असतात ते प्लेटला द्या. पैशाचं म्हणाल तर प्लेटच्या विजेत्याला आणि उपविजेत्याला फी परत, ४०० रुपये. ते खर्चात धरा, टक्क्यात नको. ट्रॉफी नको. एखादी सोलापुरी चादर दिलीत तर बाहेरगावचा माणूस खूश होऊन जाईल.

विजापूरवेस

चादर! अण्णा, आमच्या पूर्व भागात मागवाले शंभर आहेत, एकाला धरलं तर चार-पाच फुकटात देतील की. पत्रकावर नाव टाकायचं फक्त.

शेंगाचटणी

साखरपेठी दादा, महिलांच्या गटाबद्दल कुणीच बोललं नाही. गेल्या वर्षी आम्ही नऊ जणी होतो, फी १००. पहिलं बक्षीस ५०१ आणि दुसरं ३०१. त्याच हॉलमध्ये, त्याच दिवशी, शेजारच्या बोर्डवर पुरुषांना ५,००१. यंदाच्या हिशेबात आम्ही कुठे आहोत?

जुनापंच

ताई, गट वेगळा तर हिशेब वेगळा, असं मी धरून चाललो होतो. नऊ जणींची फी ९०० होते. बक्षिसं ८०२ ची झाली, म्हणजे जवळपास सगळी फी परतच आली. खर्च तर त्यातून काहीच निघाला नाही. या हिशेबाने खरं तर खुल्या गटाने तुमचा हॉल आणि पंच भरले.

शेंगाचटणी

तुमचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. स्मरणार्थाचे ५,००१ सोडले तर दुकानदारांचे ३,००० मोकळे आहेत, असं तुम्हीच वर लिहिलंय. ते स्पर्धेला दिलेत की फक्त खुल्या गटाला? स्पर्धेला दिले असतील तर त्यात आमचा वाटा धरायला हवा होता. तुम्ही ते सगळे खर्चात घातलेत आणि त्यातून वाचलेली फी फक्त खुल्या गटात वाटली. म्हणजे आमचा वाटा तिकडे गेला.

शिवाय फी १०० तुम्हीच ठेवलीत, आम्ही मागितली नव्हती. २०० ठेवा, आम्ही भरू. मग बक्षीस कमी का, या प्रश्नाला "फी कमी होती" हे उत्तर तरी राहणार नाही.

स्ट्रायकर४५

ताई, नऊ एन्ट्र्यांत आणि ५६ एन्ट्र्यांत फरक आहे ना. नऊ जणींत जिंकायला तीन-चार मॅच, खुल्यात सहा. कष्ट बघा की.

शेंगाचटणी

मग एन्ट्र्या वाढायला काय केलंत ते सांगा. ५०१ बघून पंढरपूरहून कोण येणार? वर तुम्हीच लिहिलंय, लोक आकडा बघून नाव देतात. ते फक्त पुरुषांना लागू आहे का?

हिशेबतपासनीस

या मुद्द्यावर शेंगाचटणी यांची बाजू मजबूत आहे. ३,००० चा वाटा कसा धरायचा यावर दोन मतं होतील. एन्ट्रीच्या प्रमाणात धरला तर ६५ पैकी नऊ, म्हणजे साधारण ४१५ रुपये. निम्मा-निम्मा धरला तर १,५००. पहिलं फार तोकडं, दुसऱ्याने खुल्या गटाची उरलेली फी १,५०० ने घटते. म्हणजे जुनापंच यांच्या उदाहरणात ६,६०० चे ५,१०० होतात आणि शेवटच्या आठातल्याला ४६२ च्या जागी ३५७. फीच्या वर आहेच तरी.

मी दुकानदारांना सरळ विचारीन की पैसे कशासाठी दिलेत. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक कोण येतं ते पाहता उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे.

साखरपेठी

विचारतो. कमिटीत हा विषय निघाला की अर्धा तास जाणार हे नक्की. मला ताईंचं पटतंय, बाकीच्यांचं सांगू शकत नाही.

विजापूरवेस

एक खरी गोष्ट कुणी बोलंना म्हणून मी बोलतो. फायनलचे दोघं आतून वाटून घेतात. पहिल्या-दुसऱ्यात अंतर लई असलं की चहाच्या टपरीवर ठरतं, "जितनारा हजार देईल." मग फायनल बघायला मजा नाही. लोक टाळ्या वाजवलालेत आणि ह्येंचं आधीच ठरलेलं.

जुनापंच

होतं असं. ओळखू कसं येतं तर मॅच भलतीच गोड चालते. सोपी राणी कुणी सोडून देतो, किंवा घेतो आणि कव्हर हातात असताना दुसरीकडे मारतो. पण चूक आणि मुद्दाम केलेली चूक यात पंचाला फरक सिद्ध करता येत नाही, म्हणून मी कधी कुणावर आरोप केला नाही.

अंतराचं सांगायचं तर प्रत्येक पायरीवर जिंकल्याने वाढणारे पैसे आधीच्या पायरीपेक्षा थोडे जास्त असावेत, म्हणजे खेळ शेवटपर्यंत तापलेला राहतो. माझ्या वाटणीत शेवटच्या आठात पोचल्याचे ४५०, तिथून जिंकलं की ७५० वाढतात, उपांत्य जिंकलं की १,२०० आणि फायनल जिंकलं की २,६०१. तुमच्या गेल्या वर्षीच्या वाटणीत शेवटच्या आठात पोचल्याचे शून्य होते आणि पुढची एक मॅच जिंकली की एकदम १,००१ पक्के. लोकांना खटकलं ते तिथे. आठवा आणि चौथा यांच्यात खेळाचा फरक एका राणीचा असतो, पैशाचा मात्र शून्य आणि हजाराचा होता.

शेवटची २,६०१ ची उडी मला थोडी मोठी वाटते. पण पहिलं बक्षीस बांधलेलं आहे, तिथे हात घालता येत नाही.

स्ट्रायकर४५

मग दात्यांना सांगा ना, ५,००१ मधले पहिल्याला ४,००१ आणि उपविजेत्याला १,००० द्या. वडिलांच्या नावाने दोन बक्षिसं होतील, त्यांनाही बरं वाटेल.

जुनापंच

हे तुम्ही चांगलं सुचवलंत. पण "प्रथम पारितोषिक कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" हे वाक्य लोकांना प्रिय असतं. विचारून बघा, आग्रह नको.

विजापूरवेस

आणि फायनलवाल्यांना वाटून घ्यायचंच असलं तर उघड सांगू द्या की. माईकवर जाहीर करा, दोघांनी सारखे घेतले, आता ट्रॉफीसाठी खेळतात. लपवालपवी तरी नको.

हिशेबतपासनीस

उघड परवानगी दिली की ती प्रथा होते, आणि मग दात्यांचे ५,००१ नक्की कुणाला गेले, हे पत्रकावर लिहिलेल्याशी जुळत नाही. मी विरोधात आहे.

विजापूरवेस

जुळत नाही तर आता तरी कुठं जुळलालंय?

बार्शीवाला

अजून एक. गेल्या वर्षी ड्रॉमध्ये नावं होती पण माणसं नव्हती. माझ्या शेजारच्या बोर्डवर एकाला दोन फेऱ्या न खेळताच पुढे चाल मिळाली. फोनवर नाव दिलेले लोक आलेच नाहीत. त्यांची फी आली का तुम्हाला?

साखरपेठी

नाही आली. नऊ जण आले नव्हते. ४७ हा आकडा फी भरलेल्यांचा आहे, ड्रॉ ५६ चा काढला होता.

जुनापंच

हे आधी सांगायला हवं होतं! टक्केवारीत हे फार महागात पडतं. लोक ड्रॉमधली नावं मोजतात, ५६ गुणिले २०० करतात आणि म्हणतात मंडळाने अठराशे रुपये खाल्ले. गेल्या वर्षीच्या निम्म्या कुरबुरीचं मूळ इथेच असणार.

फी आली की नाव, फी नाही तर नाव नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी सातला क्यूआर कोडवरची वसुली बंद करा. रोख देणाऱ्याला पावती. सातनंतर ड्रॉ काढा, आणि ड्रॉच्या शेजारीच एक कागद लावा : एन्ट्र्या इतक्या, जमा इतके, खर्च इतका, उरले इतके, म्हणून बक्षिसं अशी. पहिला स्ट्रायकर हलायच्या आधी प्रत्येकाला दिसलं पाहिजे की तो कितीसाठी खेळतोय. खर्चाचा आकडा त्या दिवशी गोठवायचा. नंतर चहा जास्त प्यायला गेला तर तो मंडळाचा, बक्षिसातून कापायचा नाही.

स्ट्रायकर४५

आदल्या दिवशी बंद केलं तर ऐनवेळी येणारे दहा-बारा जातात. सोलापुरात कोण आदल्या दिवशी पैसे भरतो? सकाळी नऊपर्यंत ठेवा आणि उशिरा येणाऱ्याला २५० लावा.

जुनापंच

२५० चालेल, पण वरचे ५० सुद्धा बक्षिसाच्या ढिगात गेले पाहिजेत. आणि नऊ म्हणजे नऊ. साडेनवाला एखादा कमिटी सदस्याचा मेहुणा आला की सगळं ओमफस्स.

साखरपेठी

आतापर्यंत ठरल्यासारखं दिसतंय ते लिहितो, म्हणजे उद्याच्या मीटिंगला मला वाचून दाखवता येईल. पहिलं बक्षीस ५,००१ जसंच्या तसं, दात्यांना १,००० वळवण्याबद्दल विचारणार. उरलेली फी ३६, १८-१८ आणि प्रत्येकी ७ टक्के. ३८ च्या खाली वेगळा नियम. तिसऱ्या नंबराची मॅच बंद, दोघांनाही सारखी ट्रॉफी. एका गेमची प्लेट, चादरी विजापूरवेस भाऊ मिळवून देणार. फी सकाळी नऊपर्यंत, ड्रॉशेजारी हिशेबाचा कागद.

महिलांच्या वाट्याचं दुकानदारांशी बोलून ठरेल. फायनलवाल्यांच्या वाटून घेण्यावर काहीच ठरत नाही, ते तसंच सोडतो.

विजापूरवेस

थांबा, चादरी "मिळवून देणार" असं मी कुठं म्हणलो? मागवाल्याला धरलं तर, असं म्हणलो होतो.

शेंगाचटणी

आणि महिलांची फी २०० करायची हे पण लिहा यादीत. ते तर दुकानदारांना न विचारता ठरवता येतं.

साखरपेठी

लिहिलं ताई.

पटावरचाउंट

तिसऱ्या नंबराची मॅच बंद केल्यावर दोन ट्रॉफ्या लागणार, खर्च ७,६०० च्या वर जाईल. ते धरलंत का?

साखरपेठी

गेल्या वर्षी तिसरी आणि चौथी अशा दोन होत्याच. आता दोन्हींवर "उपांत्य फेरी" कोरून घेऊ. पण प्लेटचे ४०० धरले नव्हते, ते राहिले. म्हणजे खर्च ८,००० झाला आणि ३८ ची रेघ ४० वर गेली. बरोबर ना अण्णा?

जुनापंच

बरोबर. आणि ५६ ला उरतात ६,२००. त्याचे २,२३२, १,११६ आणि ४३४ येतात. पाकिटासाठी २,२००, १,१०० आणि ४५० करा. बेरीज ६,२०० होते, पुन्हा मोजून बघा.